पत्रातला ‘यू’ : तुम्ही की आपण?

प्रश्न : एका संस्थेचे इंग्रजी पत्र मराठीत आणते आहे. ते शिष्यवृत्तीच्या अर्जदारांना जाणार आहे. ‘यू’साठी सगळीकडे ‘आपण’ लिहिले, कारण ‘तुम्ही’ जरा कमी आदराचे वाटले. पण वाचणाऱ्या दोघांनी विचारले, ‘हे काम आम्ही करायचे की संस्थेने?’ आता सगळे ‘आपण’ काढून ‘तुम्ही’ करू का? की दोन्ही मिसळले तरी चालेल?

उत्तर :

ज्या दोघांनी तो प्रश्न विचारला त्यांनी तुमचे पत्र नीट वाचले आहे, आणि त्यांची शंका योग्य आहे. संस्थेकडून अर्जदाराला जाणाऱ्या आणि त्याच्यावर काही काम सोपवणाऱ्या पत्रात मी ‘तुम्ही’च वापरतो. त्याचे कारण आदराशी फारसे जोडलेले नाही. ‘तुम्ही’ हे एका व्यक्तीसाठी वापरलेले अनेकवचन आहे आणि त्यात आदर मुळातच आहे; आदर नसलेले रूप ‘तू’ आहे, आणि ते या पत्रात येण्याचा प्रश्नच नाही. ‘आपण’ त्याहून एक पायरी वर असते हे खरे, पण त्या पायरीसाठी द्यावी लागणारी किंमत स्पष्टतेची असते.

‘आपण’ हा एकच शब्द मराठीत तीन कामे करतो. तो मुळात ‘आत्मन्’पासून आलेला आहे, म्हणून ‘स्वतः’ हा त्याचा सर्वांत जुना अर्थ, आणि व्याकरणात तो आजही आत्मवाचक सर्वनाम म्हणून शिकवला जातो : ‘तो आपण होऊन आला’, ‘तिने आपली वही आणली’. दुसरे काम ऐकणाऱ्याला धरून बोलणाऱ्या ‘आम्ही’चे : ‘चला, आपण जाऊ’. तिसरे काम समोरच्या व्यक्तीला आदराने संबोधण्याचे. बोलताना हावभाव, स्वर आणि प्रसंग यांमुळे या तिघांची गल्लत सहसा होत नाही. पत्रात यांपैकी काहीच हाताशी नसते. वाचणाऱ्याला आधार असतो तो फक्त क्रियापदाचा, आणि तो आधार कुठे पुरतो व कुठे सुटतो हे अनुवादकाने अगदी बारकाईने पाहायला हवे.

जिथे पुरतो तिथून सुरुवात करू. ‘आपण पाठवता’ आणि ‘आपण पाठवतो’ यांत फरक उघड आहे. ‘आपण पाठवाल’ आणि ‘आपण पाठवू’ यांतही. भूतकाळात हे काम शेवटचा ‘त’ करतो. ‘आपण अर्ज केलात’, ‘आपण माहिती दिलीत’, ‘आपण पत्र लिहिलेत’ या तिन्ही वाक्यांत ‘केला’, ‘दिली’, ‘लिहिले’ ही रूपे कर्मानुसार बदलली आहेत, आणि त्यांना जोडलेला ‘त’ समोरच्या माणसाकडे बोट दाखवतो. तो काढून ‘आपण अर्ज केला’ असे लिहिले की ‘आपण दोघांनी मिळून केला’ हा अर्थ लगेच शक्य होतो. हा ‘त’ लिहिताना फार लोक गाळतात, कारण इंग्रजी वाक्यात त्याच्या जोडीचे काही नसते आणि बोलतानाही तो अनेकदा गिळला जातो. ‘आपण’ वापरून पत्र लिहायचे ठरवले असेल, तर हा ‘त’ वगळण्याची मुभा नाही, असे मी नवीन अनुवादकांना पहिल्याच दिवशी सांगतो.

आता आधार सुटतो त्या जागा. ‘आपण अर्ज केला आहे’ हे वाक्य घ्या. इथे ‘त’ला जागाच नाही. कोणी ‘केला आहेत’ असे लिहितात, आणि ते बोलण्यात ऐकूही येते, पण छापलेल्या ओळीत ‘आहेत’ दिसले की वाचणारा आधी अनेकवचनी कर्म शोधतो. ‘आपण कागदपत्रे पाठवली आहेत’ या वाक्यात तर ‘आहेत’ कागदपत्रांमुळेच आले आहे. पाठवणारा कोण, ते त्यावरून कळत नाही. दुसरी जागा कर्तव्य सांगणाऱ्या वाक्यांची, आणि संस्थेच्या पत्रात नेमकी हीच वाक्ये सर्वांत महत्त्वाची असतात. ‘आपण तारीख ठरवायची आहे’, ‘आपण अर्ज पाठवावा’, ‘आपल्याला अर्ज करता येईल’, ‘आपल्याला भेटायला हवे’ यांतल्या एकाही वाक्यावरून ‘आपण’ म्हणजे वाचणारा की वाचणारा आणि लिहिणारा दोघेही, हे ठरत नाही. ‘आपण अर्ज पाठवावात’ असे एक शुद्ध रूप उपलब्ध आहे, पण आज ते इतके पुस्तकी वाटते की वाचणाऱ्याला तो छापखान्याचा दोष वाटण्याची शक्यता अधिक.

या दुसऱ्या जागेची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी केलेल्या पत्रात ‘आपण बैठकीची तारीख ठरवायची आहे’ असे वाक्य गेले. मूळ इंग्रजीत तारीख निवडण्याचे काम पत्र मिळणाऱ्याकडे होते. त्या गृहस्थांनी ‘दोघांनी मिळून ठरवायची’ असे वाचले आणि ते संस्थेच्या फोनची वाट पाहत राहिले. संस्था त्यांच्या उत्तराची वाट पाहत राहिली. पत्र सभ्य होते, शुद्ध होते, आणि निरुपयोगी होते.

तिसरी जागा ‘आपला, आपली, आपल्या’ची, आणि माझ्या अनुभवात तपासणाऱ्यांच्या नजरेतून सर्वांत जास्त निसटणारी हीच. ‘आपला’ हा शब्द आत्मवाचक असल्यामुळे तो वाक्यातल्या कर्त्याला जाऊन चिकटतो. कर्ता ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ असेल तोवर हरकत नाही. कर्ता तिसराच कोणी आला की गडबड होते : ‘संस्था शिष्यवृत्तीची रक्कम आपल्या खात्यात जमा करेल.’ मराठी वाचणाऱ्याच्या कानाला या वाक्याचा पहिला अर्थ असा लागतो, की संस्था ती रक्कम स्वतःच्याच खात्यात जमा करणार आहे. अनुवादकाला हे दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर मूळ वाक्यातला ‘युवर’ असतो. ‘समिती आपला निर्णय कळवेल’ हे वाक्य नेमके याच नियमामुळे बरोबर वाचले जाते, कारण तिथे निर्णय समितीचाच आहे.

चौथी अडचण इंग्रजीच्या ‘वी’कडून येते. इंग्रजी ‘वी’ सांगत नाही की त्यात वाचणारा धरला आहे की नाही. मराठीला ते सांगावेच लागते. ‘तुमचा अर्ज मिळाला’ असे सांगताना ‘वी’ म्हणजे संस्था, म्हणून ‘आम्ही’. ‘फोनवर बोलणे झाले’ असे सांगताना मात्र त्याच ‘वी’त दोघेही आहेत, म्हणून ‘आपण बोललो’. ज्या पत्रात ‘यू’साठी ‘आपण’ घेतले आहे, त्यात या ‘आपण’ला जागाच उरत नाही. म्हणजे इंग्रजीतले दोन वेगळे शब्द मराठीत एकाच शब्दावर येऊन आदळतात. ‘यू’साठी ‘तुम्ही’ घेतले की ‘आपण’ मोकळा होतो आणि तीन भूमिका तीन शब्दांत स्वच्छ वाटल्या जातात : संस्था ‘आम्ही’, वाचणारा ‘तुम्ही’, दोघे मिळून ‘आपण’. संस्थेच्या पत्रात मी ‘तुम्ही’कडे झुकतो त्याचे खरे कारण हे आहे.

तुमच्या पत्राचा मजकूर माझ्यासमोर नाही, म्हणून तशाच प्रकारच्या पत्राचा एक परिच्छेद घेतो. सगळीकडे ‘आपण’ ठेवून केलेला पहिला खर्डा साधारण असा उतरतो :

‘आपण केलेला अर्ज आम्हाला मिळाला आहे. आपण फोनवर चर्चा केल्याप्रमाणे आपण मुलाखतीची तारीख ठरवायची आहे. आपण आपली मूळ कागदपत्रे मुलाखतीपूर्वी पाठवली नाहीत तर आपली निवड रद्द होऊ शकते. निवड कायम झाल्यास संस्था शिष्यवृत्तीची रक्कम आपल्या खात्यात जमा करेल.’

चार वाक्यांत ‘आपण’ चार वेळा आणि ‘आपली, आपल्या’ तीन वेळा. पहिल्या वाक्यात अर्थ संदर्भाने सावरला जातो, कारण अर्ज मिळणारे ‘आम्ही’ शेजारीच आहेत. दुसऱ्या वाक्यातला पहिला ‘आपण’ दोघांचा आणि दुसरा एकट्या वाचणाऱ्याचा आहे, पण हे ज्याने मूळ पत्र वाचले त्यालाच माहीत. इतर कोणीही दोन्ही ‘आपण’ एकच समजेल. तुमच्या वाचकांचा प्रश्न बहुधा अशाच एखाद्या वाक्यातून उगवला असावा. तिसऱ्या वाक्यात ‘पाठवली नाहीत’ मधला ‘त’ कागदपत्रांचा आहे, त्यामुळे जबाबदारी कोणाची ते तो सांगत नाही. चौथ्यात रक्कम संस्थेच्या खात्यात जाते.

आता हेच ‘तुम्ही’ घेऊन :

‘तुमचा अर्ज मिळाला. आपण फोनवर बोललो त्याप्रमाणे मुलाखतीची तारीख तुम्ही निवडायची आहे. ती 10 तारखेपर्यंत आम्हाला कळवा. मूळ कागदपत्रे मुलाखतीपूर्वी आमच्याकडे पोहोचली नाहीत, तर निवड रद्द होऊ शकते. निवड कायम झाल्यास शिष्यवृत्तीची रक्कम तुमच्या खात्यात जमा केली जाईल.’

दुसऱ्या वाक्यात ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही आले आहेत आणि तरी गोंधळ नाही, कारण दोघांना वेगवेगळे काम दिले आहे. दोन्ही मिसळले तर चालेल का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. एकाच व्यक्तीसाठी एका ओळीत ‘तुम्ही’ आणि पुढच्या ओळीत ‘आपण’ हे चालणार नाही. वाचणाऱ्याला वाटते की मध्येच दुसऱ्या कोणीतरी लेखणी हातात घेतली, किंवा दुसरा परिच्छेद दुसऱ्या पत्रातून चिकटवला. वेगळ्या अर्थाचा ‘आपण’ मात्र ‘तुम्ही’च्या पत्रात खुशाल येऊ द्यावा. आणखी एक गोष्ट पाहा : पहिल्या खर्ड्यात ‘यू’ आणि ‘युवर’ची सहा रूपे होती, दुसऱ्यात तीन उरली. ‘मूळ कागदपत्रे’ म्हटल्यावर ती कोणाची हे मराठीला सांगावे लागत नाही. ‘तुम्ही तुमची कागदपत्रे तुमच्या अर्जासोबत’ असे लिहिले की व्याकरण चुकत नाही, पण वाचणाऱ्याला कोणीतरी समोर बसून बोट नाचवत बोलते आहे असे वाटते. अनेकदा पत्र उद्धट वाटण्याचे खरे कारण हे असते, आणि दोष बिचाऱ्या ‘तुम्ही’वर येतो. तुम्हाला ‘तुम्ही’ कमी आदराचे वाटले, त्याचे मूळही कदाचित इथेच असेल. एकदा निम्मे ‘तुम्ही’ गाळून पाहा.

संस्थेने आग्रहच धरला की ‘आपण’च हवे, तर तेही नीट करता येते, फक्त मेहनत वाढते :

‘आपला अर्ज मिळाला. फोनवरील चर्चेत ठरल्यानुसार मुलाखतीची तारीख आपण निवडाल आणि 10 तारखेपर्यंत आम्हाला कळवाल, अशी अपेक्षा आहे. मूळ कागदपत्रे मुलाखतीपूर्वी आमच्याकडे पोहोचली नाहीत, तर निवड रद्द होऊ शकते. निवड कायम झाल्यास शिष्यवृत्तीची रक्कम अर्जात नोंदवलेल्या खात्यात जमा केली जाईल.’

यात दोघांचा ‘आपण’ काढून ‘फोनवरील चर्चेत’ केले, ‘ठरवायची आहे’च्या जागी ‘निवडाल’ आणि ‘कळवाल’ ही निःसंदिग्ध रूपे आणली, आणि ‘आपल्या खात्यात’ ऐवजी खात्याचीच ओळख दिली. मात्र एक तोटा राहतोच. ‘तुम्ही निवडायची आहे’ यात बंधन आहे, ‘आपण निवडाल अशी अपेक्षा आहे’ यात ते सैल झाले. मुदत चुकली तर निवड रद्द होणार असेल, तर असा सैलपणा वाचणाऱ्यावर अन्यायच ठरतो. अशा वेळी ‘तारीख निवडून 10 तारखेपर्यंत कळवणे आवश्यक आहे’ असे कर्त्याशिवायचे वाक्य करावे. ते कोरडे आहे, पण त्यातून कोणाचा गैरसमज होत नाही.

‘आपण’ कुठे शोभतो, तेही सांगायला हवे, नाहीतर मी त्याचा वैरी ठरेन. एका व्यक्तीने अधिकारी व्यक्तीला लिहिलेल्या अर्जात किंवा विनंतिपत्रात तो अगदी स्वाभाविक आहे : ‘आपण माझ्या अर्जाचा विचार करावा, ही विनंती.’ तिथे लिहिणारा ‘मी’ असतो, दोघांनी मिळून करायचे असे बहुधा काही नसते, त्यामुळे ‘आपण’ एकाच अर्थाने वाचला जातो. निमंत्रणपत्रातही तसेच : ‘आपण सहकुटुंब यावे.’ तिथे निमंत्रण देणाऱ्याला कोणी ‘म्हणजे तुम्हीही येणार का’ असे विचारत नाही. संस्थेचे पत्र खालच्या दिशेने, काम सोपवत जाते. तिथे परिस्थिती उलटी आहे.

‘तुम्ही’ निवडल्यावर एक गोष्ट पाहायची राहते, ती लिंगाची. इंग्रजी मूळ पत्रात ‘तुमची निवड झाली’ हे वाक्य कर्मणी स्वरूपात असते, आणि त्याचे शब्दशः मराठी ‘तुम्ही निवडला गेला आहात’ असे होते. ते ऐकायला वाईट आहेच, शिवाय स्त्री अर्जदाराच्या पत्रात ते ‘निवडल्या गेल्या आहात’ असे करावे लागेल, आणि एकच नमुना सर्वांना पाठवायचा असेल तर कोणाच्या तरी पत्रात चूक राहील. ‘तुम्ही पात्र ठरला आहात’चेही तेच. ‘तुमची निवड झाली आहे’, ‘तुम्ही पात्र आहात’ असे केले की प्रश्नच मिटतो, कारण पहिल्यात क्रियापद ‘निवड’मागून जाते आणि दुसऱ्यात ‘पात्र’ बदलत नाही. ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही गेलात’ या रूपांची चिंता करू नका; ती स्त्री-पुरुष दोघांसाठी चालतात.

कधीकधी इंग्रजी पत्रातला ‘यू’ वाचणाऱ्याला उद्देशून नसतोच, तो ‘कोणीही’ या अर्थाचा असतो. ‘अर्ज भरताना यू कधीकधी गोंधळून जाता’ अशा धाटणीचे वाक्य आले, तर तिथे ‘तुम्ही’ लिहिल्यास तो वाचणाऱ्यावरचा आरोप होतो. ‘अर्ज भरताना कधीकधी गोंधळ होतो’ एवढे पुरे.

लेखनाबद्दल थोडेसे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनुसार आदरार्थी अनेकवचनाच्या सामान्यरूपावरही अनुस्वार येतो, म्हणून ‘तुम्हांला’, ‘आपणांस’, ‘अध्यक्षांचे’. व्यवहारात ‘तुम्हाला’ आणि ‘आपणास’ इतके रुळले आहेत की ते चूक म्हणून कोणी परत पाठवत नाही, आणि मीही वर ‘तुम्हाला’च लिहिले आहे; पण एका पत्रात एकच पद्धत ठेवा. ‘अध्यक्षांचे’ मधला अनुस्वार मात्र कधीही गाळू नका, तिथे तो गाळला की आदरच जातो.

पत्र पूर्ण झाले की मी स्क्रीनवर ‘आपण’ आणि मग ‘आपल’ ही अक्षरे शोधतो. दुसऱ्या शोधात ‘आपला’पासून ‘आपल्याकडून’पर्यंत सगळी रूपे सापडतात. प्रत्येक ठिकाणी थांबून स्वतःला विचारतो की हा वाचणारा, आपण दोघे, की कर्ता स्वतः. ‘तुम्ही’च्या पत्रात पहिले उत्तर एकदाही येता कामा नये. त्याला अपवाद फक्त शेवटच्या ‘आपला विश्वासू’ किंवा ‘आपली नम्र’चा. ते ठरीव शब्द आहेत, ‘तुम्ही’च्या पत्राखालीही ते बिनदिक्कत चालतात, आणि त्यांच्या जागी ‘तुमचा विश्वासू’ करण्याची गरज नाही.